४८ राज्यांचा सहसंबंध आणि पावणेदहा कोटी माणसे : रॉबिन्सनच्या १९५० च्या निबंधाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या ज्या राज्यात परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, त्या राज्यात निरक्षरता कमी. १९३० च्या जनगणनेचे राज्यवार आकडे असे सांगतात, आणि तेही पुसटपणे नाही. ४८ राज्यांसाठी परदेशी जन्माचे प्रमाण आणि निरक्षरतेचे प्रमाण यांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात ते −१ ते +१ मध्ये सांगणारा आकडा, रॉबिन्सन यांच्या निबंधात −०.५२६ आला आहे. सामाजिक आकडेवारीत एवढा गुणांक दिसला की त्यावर लेख लिहिले जातात. त्यातून पुढचे वाक्य सहज निघते: परदेशातून आलेली माणसे इथल्यांपेक्षा जास्त साक्षर असणार.

ते वाक्य चुकीचे आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात ते दाखवून दिले, आणि त्यासाठी त्यांनी वेगळी माहिती गोळा केली नव्हती. ज्या जनगणनेतून राज्यांची टक्केवारी निघाली, त्याच जनगणनेत माणसांची मोजणीही होती. तीच त्यांनी शेजारी मांडली. (या चुकीला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ हे नाव पुढे १९५८ साली हॅनन सेल्विन यांच्या लेखातून रूढ झाले. इथल्या ‘इकॉलॉजिकल’चा झाडाझुडपांशी संबंध नाही. प्रदेशवार, समूहवार आकडे एवढाच त्याचा अर्थ.)

माणसांचा तक्ता काय सांगतो

रॉबिन्सन यांच्या तक्त्यात दहा वर्षे आणि त्यावरील ९ कोटी ७२ लाख ७२ हजार माणसे आहेत. त्यांपैकी १ कोटी ३२ लाख १७ हजार परदेशात जन्मलेली आणि ८ कोटी ४० लाख ५५ हजार अमेरिकेत जन्मलेली. निरक्षर कोणाला म्हणायचे याची व्याख्या महत्त्वाची आहे: इंग्रजीतच नव्हे, कोणत्याही भाषेत लिहिता-वाचता न येणारा तो निरक्षर. म्हणजे इटालियन वाचणारा पण इंग्रजी न येणारा मजूर इथे साक्षर धरला आहे. परदेशी जन्मलेल्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांचा आकडा फुगला असेल, अशी शंका घ्यायला जागा राहत नाही.

परदेशात जन्मलेल्यांत निरक्षर होते १३ लाख ४ हजार, म्हणजे ९.९ टक्के. अमेरिकेत जन्मलेल्यांत २६ लाख १४ हजार, म्हणजे ३.१ टक्के. परदेशातून आलेल्या माणसाच्या निरक्षर असण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक आहे. याच चार आकड्यांवरून माणसांच्या पातळीवरचा सहसंबंध काढला तर तो +०.११८ येतो. लहान आहे, पण दिशा उलटी आहे. राज्यांच्या आकड्यांनी आकार तर चुकवलाच, चिन्हही चुकवले.

राज्यांऐवजी जनगणनेचे नऊ मोठे विभाग घेतले की गुणांक −०.६१९ होतो. म्हणजे गट जितके मोठे केले तितका चुकीचा संबंध अधिक ठाम दिसू लागला. आकडेवारी वाचणाऱ्याने ही खूण लक्षात ठेवावी. माणसांमधला एखादा संबंध खरोखर तसा असेल, तर गट कसे पाडले यावर तो अवलंबून असू नये. राज्ये घेतली की एक आणि विभाग घेतले की दुसरे असे उत्तर येत असेल, तर आपण माणसांविषयी काही मोजतच नाही आहोत, गटांच्या सीमांविषयी मोजतो आहोत.

असे का झाले

मुळाशी एक साधी गोष्ट आहे. परदेशातून आलेली माणसे देशभर सारखी पसरली नाहीत. ती न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, इलिनॉय अशा उत्तरेकडच्या औद्योगिक राज्यांत गेली, कारण कारखाने, बंदरे आणि मजुरी तिथे होती. त्या राज्यांत सार्वजनिक शाळा जुन्या आणि चांगल्या पोसलेल्या होत्या, त्यामुळे तिथे जन्मलेल्यांत निरक्षरता फारच कमी होती. दक्षिणेकडच्या मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, अलाबामा अशा राज्यांत बाहेरून येणारे जवळजवळ नव्हतेच, आणि तिथे जन्मलेल्यांत निरक्षरता मोठी होती. राज्यवार आकड्यांत दिसणारा संबंध हा ‘परदेशी माणसे कुठे राहायला गेली’ याचा आहे. ती स्वतः वाचू शकत होती की नाही, हे त्यात दिसत नाही.

दक्षिणेतली निरक्षरता आपोआप आलेली नव्हती. तिथे कायद्याने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि काळ्या मुलांच्या शाळांना पैसा, शिक्षक आणि वर्षातले शाळेचे दिवस सगळेच कमी मिळत होते. रॉबिन्सन यांच्या निबंधात वर्ण आणि निरक्षरता यांचाही तक्ता आहे: ९२ लाख ९२ हजार कृष्णवर्णीयांत १५ लाख १२ हजार निरक्षर, म्हणजे १६.३ टक्के.

हे दोन तक्ते एकमेकांतून वजा केले की आणखी एक गोष्ट उघडी पडते. निबंध वाचणाऱ्यांच्या नजरेतून ती सहसा सुटते. परदेशी जन्मलेले जवळजवळ सगळे जनगणनेच्या ‘गोऱ्या’ गटात मोजलेले आहेत. तेव्हा एकूण गोऱ्यांतून ते वजा केले की अमेरिकेत जन्मलेले गोरे उरतात: ७ कोटी ४७ लाख ६३ हजार माणसे आणि त्यांत ११ लाख २ हजार निरक्षर. म्हणजे दीड टक्का. मघाशी ‘अमेरिकेत जन्मलेल्यांची निरक्षरता ३.१ टक्के’ असे आपण म्हटले. तो आकडा दीड टक्का आणि सोळा टक्के अशा दोन अगदी वेगळ्या गटांची सरासरी आहे. माणसांचा तक्ता राज्यांच्या तक्त्यापेक्षा खरा असला तरी त्यातही गट आहेतच, आणि गटाची सरासरी गटातल्या एखाद्याला लागू होईलच असे नाही.

हिशेब उलगडून पाहू

चिन्ह नेमके कसे उलटते हे समजण्यासाठी दोन काल्पनिक राज्ये घेऊ, प्रत्येकी हजार माणसांची. आकडे बनवलेले आहेत, पण रचना १९३० च्या उत्तर-दक्षिणेसारखी आहे.

| | परदेशी जन्म | त्यांत निरक्षर | इथला जन्म | त्यांत निरक्षर | एकूण निरक्षर |
|---|---|---|---|---|---|
| अ राज्य | ३०० | २७ (९%) | ७०० | ७ (१%) | ३४ (३.४%) |
| ब राज्य | ५० | ५ (१०%) | ९५० | ७६ (८%) | ८१ (८.१%) |

दोन्ही राज्यांत, प्रत्येकाच्या आत पाहिले, तर परदेशी जन्मलेल्यांत निरक्षरता जास्त आहे. दोन्ही मिळून पाहिले तरी तेच: ३५० पैकी ३२, म्हणजे ९.१ टक्के, विरुद्ध १६५० पैकी ८३, म्हणजे ५ टक्के. पण फक्त राज्यांचे टक्के पाहिले तर? ३० टक्के परदेशी असलेल्या राज्यात ३.४ टक्के निरक्षर आणि ५ टक्के परदेशी असलेल्या राज्यात ८.१ टक्के. उलटे चित्र.

आता जास्तीची माणसे मोजू. जन्मस्थळाचा आणि निरक्षरतेचा काही संबंध नसता, तर ३५० परदेशी जन्मलेल्यांत किती निरक्षर अपेक्षित होते? दोन हजारांत ११५ निरक्षर, त्या प्रमाणात ३५० मध्ये साधारण २०. प्रत्यक्षात ३२ आहेत, म्हणजे सुमारे १२ जास्त. नेमके सांगायचे तर ११.८७५.

हे जास्तीचे ११.८७५ दोन वाटांनी आले आहेत. पहिली वाट राज्याच्या आतली. अ राज्यात ३०० जणांत राज्याच्या सरासरीने १०.२ निरक्षर असायला हवे होते, आहेत २७: जास्तीचे १६.८. ब राज्यात ५० जणांत ४.०५ अपेक्षित होते, आहेत ५: जास्तीचे ०.९५. बेरीज १७.७५. दुसरी वाट राज्याराज्यांमधली. परदेशी जन्मलेले बहुतेक अ राज्यात, म्हणजे कमी निरक्षरतेच्या राज्यात राहतात, त्यामुळे त्यांच्या खात्यातून ५.८७५ वजा होतात. १७.७५ वजा ५.८७५ बरोबर ११.८७५.

राज्यवार सहसंबंध काढणाऱ्याला या हिशेबातली फक्त दुसरी रक्कम दिसते, उणे ५.८७५. पहिली रक्कम राज्याच्या आत आहे, आणि राज्याची टक्केवारी काढली त्या क्षणी ती पुसली गेली. रॉबिन्सन यांच्या निबंधातले मुख्य सूत्र हेच सांगते: माणसांमधला संबंध म्हणजे गटांमधला भाग अधिक गटांच्या आतला भाग, आणि या दोन भागांनी एकाच दिशेला जावे असा कोणताही नियम नाही. गटांच्या आतला भाग माहीत नसेल, तर गटांमधल्या भागावरून एकूण काढता येत नाही. माहिती अपुरी असताना फार काळजीपूर्वक गणित केले म्हणून हरवलेली रक्कम परत येत नाही.

चिन्ह बरोबर असले तरी

वर्ण आणि निरक्षरतेच्या बाबतीत चिन्ह उलटले नाही, म्हणून हा भाग कमी उद्धृत होतो. मला तो अधिक धोक्याचा वाटतो. माणसांच्या पातळीवर हा सहसंबंध ०.२०३ आहे, राज्यांच्या पातळीवर ०.७७३, आणि नऊ विभागांच्या पातळीवर ०.९४६. शेवटचा आकडा पाहणारा म्हणेल की वर्ण कळला की साक्षरता कळलीच. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ ८४ टक्के साक्षर होते, आणि देशातल्या ३९ लाख १८ हजार निरक्षरांपैकी २४ लाख ६ हजार गोरे होते.

एवढी वाढ कशी झाली? सरासरी काढताना माणसामाणसांतला फरक एकमेकांना खाऊन टाकतो. एकाच वर्णाची, एकाच राज्यातली दोन माणसे, एक साक्षर आणि एक निरक्षर, असू शकतात. शेत, घर, वय, शाळेचे अंतर अशी शंभर कारणे असतात. लाखो माणसांची टक्केवारी काढली की ही शंभर कारणे सपाट होतात. उरतो तो प्रदेशाप्रदेशांतला फरक. तो नऊ ठिपक्यांत मावतो, आणि नऊ ठिपके सहज एका रेषेत बसतात. ०.९४६ हा आकडा ठिपके किती सरळ रेषेत आहेत ते सांगतो, माणसे किती सारखी आहेत ते नाही. दिशा बरोबर निघाल्यामुळे वाचणारा निर्धास्त होतो आणि जोर मात्र चौपटीहून अधिक चुकतो.

फक्त बेरजा हातात असतील तर

माणसांचा तक्ता नेहमी मिळत नाही. अशा वेळी काय खात्रीने सांगता येते, याचे उत्तर ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी १९५३ साली दिले. सांगता येतात त्या मर्यादा: किमान किती आणि कमाल किती.

अमेरिकेचेच घ्या. एकूण निरक्षर ३९ लाख १८ हजार आणि परदेशी जन्मलेले १ कोटी ३२ लाख १७ हजार, एवढ्याच बेरजा माहीत आहेत असे समजू. परदेशी जन्मलेल्या निरक्षरांची संख्या एकूण निरक्षरांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून कमाल २९.६ टक्के. आणि सगळेच्या सगळे निरक्षर इथे जन्मलेल्यांत मावतात, म्हणून किमान शून्य. उत्तर: ० ते २९.६ टक्के. खरे ९.९ त्यात बसते, पण या पट्ट्यावरून कोणता गट जास्त निरक्षर हेही ठरत नाही. हे उत्तर निराश करणारे असले तरी प्रामाणिक आहे.

प्रदेश लहान केले की पट्टा आवळतो. आपल्या काल्पनिक उदाहरणात दोन्ही राज्यांच्या बेरजा एकत्र घेतल्या तर परदेशी जन्मलेल्यांची कमाल निरक्षरता ३५० मध्ये ११५, म्हणजे ३२.९ टक्के. राज्ये वेगळी धरली तर अ मध्ये फार तर ३४, ब मध्ये फार तर ५० (तिथे तेवढेच परदेशी आहेत), एकूण ८४, म्हणजे २४ टक्के. शिवाय ज्या प्रदेशात एकच गट जवळजवळ सगळा भरला आहे, तिथे त्या गटाविषयी बरेच कळते. ब राज्यात इथे जन्मलेले ९५० आहेत, तेव्हा ८१ पैकी किमान ३१ निरक्षर त्यांच्यातलेच असणार. म्हणजे त्यांचा पट्टा ३.३ ते ८.५ टक्के. त्याच राज्यातल्या ५० परदेशी जन्मलेल्यांचा पट्टा मात्र ० ते १००. बेरजांवरून बहुसंख्यांविषयी थोडेफार बोलता येते, अल्पसंख्यांविषयी जवळजवळ काहीच नाही. आणि लोकांना प्रश्न नेमके अल्पसंख्यांविषयी पडतात.

त्याच वर्षी लिओ गुडमन यांनी दुसरी रीत मांडली. प्रदेशांच्या ठिपक्यांतून रेषा काढायची आणि ती ० टक्के व १०० टक्क्यांपर्यंत वाढवायची. त्या टोकांवरचे आकडे म्हणजे दोन गटांचे दर. ही रीत एका अटीवर चालते: प्रत्येक गटाचा दर सगळ्या प्रदेशांत साधारण सारखा हवा, निदान तो गटाच्या प्रमाणाबरोबर वाढता-घटता नसावा. आपल्या उदाहरणात ती वापरून पाहा. परदेशी प्रमाण ५ वरून ३० टक्क्यांवर गेले की निरक्षरता ४.७ अंकांनी घटते, म्हणजे दर टक्क्यामागे ०.१८८. शून्य टोकावर, म्हणजे सगळे इथले असताना, ९ टक्के येतात. खरा दर ५. शंभराच्या टोकावर येतात उणे ९.८ टक्के.

उणे निरक्षरता असत नाही. असा अशक्य आकडा आला की अट मोडली हे लगेच कळते, आणि म्हणून तो एका अर्थी उपकारक असतो. इथे अट कुठे मोडली तेही दिसते: इथल्यांचा दर अ मध्ये १ टक्का आणि ब मध्ये ८ टक्के आहे, आणि तो परदेशींच्या प्रमाणाबरोबर बदलतो. जास्त काळजी करावी ती आकडा ४ किंवा १२ टक्के असा शक्य कोटीतला येतो तेव्हा. मोडलेली अट तेव्हाही मोडलेलीच असते, फक्त ओरडून सांगत नाही. अमेरिकेत कोणत्या वर्णाच्या मतदारांनी कोणाला मत दिले हे कोर्टात दाखवण्यासाठी मतदान केंद्रांच्या आकड्यांवर हीच रेषा वापरली जाते. १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असे विश्लेषण होते. तिथेही ते एकटे नव्हते. जवळजवळ एकाच वर्णाच्या मतदारांची केंद्रे वेगळी काढून त्यांचे निकाल शेजारी ठेवले होते, म्हणजे वर सांगितलेल्या आवळलेल्या पट्ट्यांसारखाच पुरावा.

राज्यांचे आकडे मग टाकून द्यायचे का

रॉबिन्सन यांच्यानंतर काही काळ समाजशास्त्रात प्रदेशवार अभ्यासांकडे संशयाने पाहिले गेले. हे दुसरे टोक झाले. प्रश्नच राज्याविषयी असेल, तर राज्याचा आकडा हेच योग्य मोजमाप आहे. शाळा वेगळ्या ठेवणारा कायदा माणसाचा गुण नसतो, तो राज्याचा असतो. केवळ माणसांचा तक्ता पाहणारा ‘कृष्णवर्णीयांत निरक्षरता जास्त’ एवढेच वाचील, आणि कारण माणसांत शोधत बसेल. ही पहिल्या चुकीची उलटी बाजू आहे. २००९ साली एस. व्ही. सुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी रॉबिन्सन यांचेच आकडे पुन्हा घेतले, माणसे राज्यांच्या आत बसवून दोन्ही पातळ्यांचे एकत्र विश्लेषण केले, आणि वर्णभेदी शाळांचे कायदे हा राज्याचा गुण म्हणून त्यात घातला. हे करता आले, कारण प्रत्येक राज्यात कोणत्या गटाचे किती निरक्षर हा आतला तक्ता जनगणनेत छापलेला होता.

म्हणून हातात प्रदेशवार टक्केवारी आली की गुणांक काढण्याआधी पाहायचे ते हे: दोन गोष्टी एकत्र मोजलेला तक्ता कुठे आहे का? भारतात जिल्ह्यातले मुस्लिमांचे प्रमाण आणि जिल्ह्याची साक्षरता यांचा आलेख काढून मुस्लिमांच्या साक्षरतेविषयी बोलण्याची गरज नाही. जनगणनेचा सी-९ तक्ता धर्मानुसार शिक्षणाची पातळी थेट देतो, जिल्हावारही. आकडे सात वर्षे आणि त्यावरील लोकांचे असतात, तेव्हा एकूण लोकसंख्येवर काढलेल्या टक्क्यांशी ते ताडून पाहू नयेत.

मतांच्या बाबतीत मात्र असा तक्ता कधीच मिळणार नाही, कारण मत गुप्त असते. निवडणूक निकालाच्या फॉर्म २० मध्ये केंद्रवार मते असतात, मतदाराची जात किंवा धर्म नसतो. ‘अमुक समाजाने ७० टक्के मते अमुक पक्षाला दिली’ हे केंद्रवार आकड्यांवरून सांगितलेले वाक्य वाचाल, तेव्हा त्या केंद्रावर त्या समाजाचे मतदार किती होते ते विचारा. ४० टक्के असतील आणि पक्षाला ५० टक्के मते असतील, तर सगळे सारख्या प्रमाणात मतदानाला आले असे धरूनही पट्टा ० ते १०० आहे. समाज ९० टक्के असेल आणि पक्षाला ७० टक्के मते असतील, तर पट्टा ६६.७ ते ७७.८. दुसऱ्या केंद्राविषयी काही बोलता येते. पहिल्याविषयी नाही.